दालमिल घ्यावी की भरडाई द्यावी? पडत्या सालाचा हिशोब धरून ठरवायची रीत

दारव्हा तालुक्यातल्या एका बचत गटाने फेब्रुवारीत मला हिशोबाला बोलावलं. गटाच्या बाया गावातून तूर घेतात, तालुक्याच्या मिलवर भरडून आणतात आणि एक-एक किलोच्या पिशव्या भरून आठवडी बाजारात, नात्यागोत्यात, यवतमाळच्या काही दुकानांत विकतात. अंगणात ताडपत्रीवर तेल लावलेली तूर वाळत होती. अध्यक्ष ताईंनी मिनी दालमिलचं कोटेशन पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मशीन आपली झाली का भरडाईचे पैसे वाचतेत ना? मंग एवढा इचार कायचा?"

भरडाई वाचते हे खरंच आहे. पण तिच्या जागी दुसरा खर्च येतो आणि त्याचा स्वभाव वेगळा असतो. शेतकऱ्याच्या घरात हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही. वावर मक्त्याने केलं तर पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते. बटईने केलं तर पिकेल त्यातला हिस्सा द्यायचा. सालदार ठेवला की वर्षाचं साल बांधलं गेलं, रोजंदारीचा माणूस लावला तर काम असेल तेवढ्याच दिवसांची मजुरी. मक्ता आणि साल हे स्थिर खर्च, बटई आणि रोजी हे बदलते खर्च. स्वतःची मिल म्हणजे मक्ता, दुसऱ्याच्या मिलवर भरडाई म्हणजे बटई. कोणता सौदा परवडतो हे किती माल होईल यावर ठरतं, आणि तो अंदाज चुकला तर काय होईल हे दोन आकडे सांगतात: मार्जिन ऑफ सेफ्टी आणि ऑपरेटिंग लिव्हरेज.

खालचे आकडे त्या गटाच्या वहीतून घेऊन गोल केलेले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील. तुम्ही तुमचे आकडे टाका, रीत तीच राहील.

पहिलं काम: एका क्विंटलचा हिशोब

वर्षाच्या नफ्यापासून सुरुवात करू नका. एक क्विंटल तूर हातात धरा आणि तिचं काय होतं ते लिहा. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव ७,५५० रुपये होता, म्हणून खरेदी ७,५०० धरली. एका क्विंटलमधून ७२ किलो डाळ निघाली आणि ती ११५ रुपयांनी विकली तर ८,२८० रुपये येतात. साधारण २५ किलो चुनी-भुसा ढोरांसाठी १६ रुपयांनी जातो, त्याचे ४००. बाकीचे तीन किलो घट. एकूण आले ८,६८०.

आता क्विंटलसोबत वाढणारा खर्च लिहा. भरडाईच्या मार्गात तूर ७,५००, पिशव्या आणि विक्रीची वाहतूक २००, भरडाई ४००, मिलवर नेण्या-आणण्याचं भाडं ८०. बेरीज ८,१८०. म्हणजे एका क्विंटलमागे ५०० रुपये उरतात. स्वतःच्या मिलमध्ये भरडाई आणि भाडं जातं, त्याऐवजी विजेचे युनिट, तेल आणि वाळवणाची मजुरी मिळून १३० रुपये लागतात. खर्च ७,८३०, उरतात ८५०. या उरणाऱ्या रकमेला हिशोबनीस कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. हा अजून नफा नाही. यातून आधी स्थिर खर्च फेडायचा असतो.

दुसरं काम: माल शून्य असला तरी काय द्यावं लागेल?

स्थिर खर्च शोधण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: यंदा एक दाणाही भरडला नाही तर काय काय द्यावं लागेल? भरडाईच्या मार्गात गोदामाचं भाडं, लिखापढी, परवाना असे वर्षाचे ४०,००० निघाले. मिल घेतली तर हे ४०,००० राहतातच. वर मशीन, मोटार, शेड आणि वीजजोडणी मिळून ४,५०,००० रुपयांचं काम दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाची झीज ४५,०००. तीन लाखांच्या कर्जाचं व्याज ३०,०००. हंगामाच्या सहा महिन्यांसाठी ऑपरेटरला दहा हजार महिन्याप्रमाणे ६०,०००. विजेचा स्थिर आकार, विमा, जाळ्या-पट्ट्यांची दुरुस्ती यांचे १५,०००. वाढीव खर्च १,५०,०००, एकूण १,९०,०००.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. घरचाच मुलगा मशीन चालवणार म्हणून पगार शून्य लिहितात. तो मुलगा एरवी दुसरीकडे कामाला गेला असता तर ती कमाई बुडतेच. दुसरी चूक म्हणजे विजेचं सगळं बिल एकाच खान्यात टाकणं. युनिटचे पैसे मालाबरोबर वाढतात, स्थिर आकार मात्र मशीन बंद असलं तरी येतो. बिल उघडून दोन्ही आकडे वेगळे करा.

तिसरं काम: तीन रेषा काढा

स्थिर खर्चाला क्विंटलमागे उरणाऱ्या रकमेने भागलं की ना नफा ना तोटा असा बिंदू मिळतो. भरडाईत ४०,००० भागिले ५००, म्हणजे ८० क्विंटल. स्वतःच्या मिलमध्ये १,९०,००० भागिले ८५०, म्हणजे सुमारे २२४ क्विंटल.

तिसरी रेषा बहुतेक लोक काढतच नाहीत, आणि निर्णय तिच्यावरच आहे. मिलमुळे वर्षाचा खर्च १,५०,००० ने वाढतो आणि प्रत्येक क्विंटलला ३५० रुपये वाचतात. दीड लाखाला ३५० ने भागलं तर ४२९ क्विंटल. याच्या खाली भरडाई बरी, वर मिल बरी. २२४ ते ४२९ च्या मधे मिल नफ्यात दिसते, पण तोच माल भरडाई देऊन केला असता तर जास्त उरलं असतं. "मशीन तोट्यात नाही" एवढं पाहून समाधान मानणारे इथेच अडकतात.

गटाचा अंदाज वर्षाला ५०० क्विंटलचा होता. कमी-जास्त माल झाला तर नफा असा येतो:

| तूर (क्विंटल) | भरडाई देऊन | स्वतःची मिल |
|---|---|---|
| २०० | ६०,००० | २०,००० तोटा |
| ३०० | १,१०,००० | ६५,००० |
| ५०० | २,१०,००० | २,३५,००० |
| ८०० | ३,६०,००० | ४,९०,००० |

५०० वर मिलचा फायदा फक्त २५,००० चा आहे. ३०० वर नुकसान ४५,००० चं. ताईंनी हा तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे चांगल्या सालात थोडं, वाईट सालात लई?" या अंदाजाला तसंच आहे. ८०० क्विंटलची खात्री असती तर उत्तर फिरलं असतं.

चौथं काम: किती पडलं तर चालेल आणि पडल्यावर किती लागेल

मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे अंदाजापासून तोट्याच्या रेषेपर्यंतचं अंतर. भरडाईत ५०० वजा ८०, म्हणजे ४२० क्विंटल, अंदाजाच्या ८४ टक्के. मिलमध्ये ५०० वजा २२४, म्हणजे २७६, सुमारे ५५ टक्के. विक्री निम्म्याने पडली तरी मिल कशीबशी तरते, त्याहून जास्त पडली तर घरातून भरावं लागतं.

ऑपरेटिंग लिव्हरेज सांगतं की विक्री एक टक्का हलली तर नफा किती टक्के हलेल. एकूण कॉन्ट्रिब्युशनला नफ्याने भागायचं. भरडाईत २,५०,००० भागिले २,१०,०००, म्हणजे १.१९. मिलमध्ये ४,२५,००० भागिले २,३५,०००, म्हणजे १.८१. माल ४० टक्क्यांनी घटून ३०० वर आला तर भरडाईचा नफा सुमारे ४८ टक्क्यांनी आणि मिलचा ७२ टक्क्यांनी घटेल. तक्त्यात ताडून पाहा, जुळतं.

हे दोन वेगळे आकडे नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. एकाला मार्जिन ऑफ सेफ्टीच्या अपूर्णांकाने भागा, लिव्हरेज मिळतं: १ भागिले ०.८४ म्हणजे १.१९, १ भागिले ०.५५३ म्हणजे १.८१. हिशोब बरोबर झाला का हे तपासायची ही सोपी खूण आहे. दोन्ही रीतींनी आकडा जुळला नाही तर कुठेतरी बेरीज-भागाकार चुकला आहे. पण एखादा खर्च चुकीच्या खान्यात गेला असेल किंवा दोनदा धरला असेल तर ते ही खूण सांगत नाही, ते वहीतच तपासावं लागतं. आणि १.८१ हा मिलचा कायमचा गुण नव्हे, तो ५०० क्विंटलवरचा आकडा आहे. २५० क्विंटलवर हीच मिल घेतली तर लिव्हरेज साडेनऊच्या आसपास जातं. तोट्याच्या रेषेजवळ गेल्यावर थोडासा माल घटला तरी नफा पुसला जातो.

तुमचं पडतं साल किती क्विंटलचं हे मात्र कोणतंही सूत्र सांगणार नाही. ते तुमच्या आठवणीतून काढावं लागेल. फुलोऱ्यात धुवारी पडून फुलगळ झाली ते साल, मर रोगाने पट्टेच्या पट्टे वाळले ते साल, मार्चमध्ये अवकाळीने वाळवण भिजलं ते साल. त्या वर्षी गावात किती तूर विकायला होती हे दोन-तीन जाणत्या शेतकऱ्यांना विचारा. गटाने विचारलं तेव्हा "तीनशेच्या वर नव्हतीच" असं उत्तर आलं. मिलचा निर्णय ५०० वर न तोलता ३०० वर तोला आणि तिथला आकडा सोसवेल का ते पाहा.

भावाची मार वेगळी असते

स्थिर खर्च कमी ठेवला की सगळ्या वाईटातून वाचतो असं नाही. तो माल घटण्यापासून वाचवतो, भाव पडण्यापासून वाचवत नाही. डाळ किलोमागे पाच रुपयांनी उतरली आणि तूर त्याच भावाची राहिली तर ७२ किलोवर ३६० रुपये गेले. भरडाईत ५०० चे १४० उरले, तोट्याची रेषा ८० वरून २८६ वर गेली. मिलमध्ये ८५० चे ४९० उरले, रेषा ३८८ वर. मार्जिन ऑफ सेफ्टी ८४ वरून ४३ टक्क्यांवर आली ती भरडाईत, म्हणजे "सुरक्षित" वाटणाऱ्या मार्गात. ५०० क्विंटलवर भरडाईत ३०,००० उरतील आणि मिलमध्ये ५५,०००. फरक तोच २५,०००, कारण भाव दोघांनाही सारखाच लागतो आणि ४२९ ची रेषा जागची हलत नाही.

म्हणून मिल घ्यायची की नाही हे ठरवताना डाळीच्या भावावर फार वेळ घालवू नका. भावाची चिंता खरी आहे, पण तिचं औषध दुसरं आहे: साठा कमी ठेवणं. २०१५ मध्ये दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती, आणि २०१६-१७ च्या विक्रमी पिकानंतर तूर ५,०५० च्या हमीभावाच्याही खाली विकावी लागली. महागाची तूर गोदामात भरून ठेवणाऱ्याला त्या उतारात मिल असण्याने काही फरक पडला नसता.

उतारा: रेषा हलवणारा एक किलो

४२९ ची रेषा कशाने हलते? सगळ्यात जास्त उताऱ्याने. एक किलो डाळ कमी निघाली की ती चुनीत जाते, म्हणजे ११५ च्या जागी १६ रुपये. क्विंटलमागे शंभर रुपये गेले समजा. आपण दोन्हीकडे ७२ किलो धरलं आहे. तुरीला खरडून तेल-पाणी देणं, उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवणं आणि मग रोलरचं अंतर जमवणं, यात हात बसायला वेळ लागतो. ओलसर तूर घातली तर साल सुटत नाही, रोलर जास्त आवळला तर तुकडा होतो. नव्या ऑपरेटरच्या हातून ७० किलोच निघाली तर मिलची वाचत ३५० वरून १५० वर येते आणि रेषा ४२९ वरून १,००० क्विंटलवर जाते.

उलटही घडतं. बाहेरच्या मिलवर आपली तूर दुसऱ्याच्या मालात मिसळते, परत किती मिळायला हवं होतं ते कळत नाही. बाहेर ७० मिळत असेल आणि स्वतःच्या मिलमध्ये ७२ जमत असेल तर वाचत ५५० होते आणि रेषा २७३ वर येते. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एक हंगाम वही ठेवा. प्रत्येक खेपेला तूर किती किलो नेली, डाळ किती, चुनी किती, भुसा किती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दालमिल विकसित केली आहे. अशी मिल आधीच चालवणाऱ्या जवळच्या गटाकडे स्वतःची दोन क्विंटल तूर घेऊन जा आणि समोर वजन करून उतारा बघा. माहितीपत्रकातला उतारा हिशोबात लिहू नका.

मशीनमध्ये गेलेला पैसा तुरीतून जातो

ताईंच्या गटाचा निर्णय शेवटी इथे फिरला. त्यांच्याकडे फिरवायला ६,२५,००० रुपये होते. त्यात ७,५०० च्या भावाने ८३ क्विंटल तूर येते. खरेदी, वाळवण, भरडाई, विक्री, उधारी वसूल, असा एक फेरा महिन्याभराचा, आणि हंगामात सहा फेरे होतात. म्हणूनच ५०० क्विंटल. मशीनसाठी तीन लाख कर्ज आणि दीड लाख स्वतःचे घालायचे होते. ते दीड लाख याच भांडवलातून जाणार. उरले ४,७५,०००, त्यात ६३ क्विंटल, सहा फेऱ्यांत ३८० क्विंटल.

म्हणजे ५०० हा अंदाज भरडाईच्या मार्गातला होता. मिल घेतल्याबरोबर तो ३८० होतो आणि ३८० हे ४२९ च्या खाली आहे. तिथे मिल १,३३,००० देते, तर न घेता ५०० क्विंटल करून २,१०,००० मिळत होते. मिल घेतल्याने मालच घटणार होता, हे आम्ही आकडे मांडेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. खेळतं भांडवल बँकेकडून वेगळं मंजूर होत असेल तर ही अडचण सुटते, पण त्याचं व्याज क्विंटलच्या खर्चात लिहावं लागतं.

रोख रकमेचाही एक वेगळा हिशोब करा. झीज खिशातून जात नाही, पण हप्त्यातलं मुद्दल जातं. झिजेचे ४५,००० काढून मुद्दलाचे वर्षाला ६०,००० घातले की रोखीचा स्थिर खर्च २,०५,००० होतो आणि रोखीची रेषा २४१ क्विंटलवर येते. बँकेचा हप्ता कागदावरच्या नफ्यातून नव्हे, या रोखीतून जातो.

अनुदानाचं काय, हे प्रत्येक बैठकीत येतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत २०२४-२५ मध्ये पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं होतं. आपल्या उदाहरणात ते दीड लाखांच्या थोडं वर जातं. झीज आणि व्याज मिळून वर्षाला सुमारे ३०,००० वाचले तर रेषा ४२९ वरून ३४३ वर येते. हा फरक मोठा आहे. पण ते कर्जखात्याशी जोडलेलं असतं, पहिल्या हंगामात तूर घ्यायला हातात येत नाही, आणि ऑपरेटरचा पगार त्याने एक रुपयाही कमी होत नाही.

मधला रस्ता

स्थिर आणि बदलता यांच्या मधे बरंच काही बसतं. ऑपरेटरला हंगामाचे २०,००० बांधून द्या आणि वर क्विंटलमागे ८० रुपये द्या. स्थिर खर्च १,५०,००० वर येतो, क्विंटलमागे ७७० उरतात, तोट्याची रेषा १९५ वर. ५०० क्विंटलवर नफा पूर्वीइतकाच, २,३५,०००, पण ३०० वर ६५,००० ऐवजी ८१,०००. लिव्हरेज १.८१ वरून १.६४ झालं. धोका एवढाच की क्विंटलवर पैसे मिळणारा माणूस घाई करतो आणि घाईत उतारा जातो. म्हणून ८० रुपये पूर्ण हवे असतील तर ७१ किलोच्या वर उतारा हवा, अशी अट आधीच बोलून घ्या.

मिल घेतलीच असेल तर गावकऱ्यांची तूर भरडून द्या. ४०० भरडाईतून १३० खर्च गेला की २७० उरतात. यात तूर आपली नाही, म्हणजे भांडवल अडकत नाही आणि भाव पडण्याची मारही नाही. शंभर क्विंटलला २७,०००. मात्र वाळवणाची जागा बघा. मशीन कितीही भरडेल, पण अंगणात जेवढी तूर उन्हात पसरते तेवढीच रोज पुढे जाते, आणि मृगाचे ढग आले की ते काम थांबतं.

ताईंच्या गटाने कोटेशन कपाटात ठेवलं. यंदा भरडाईच, पण तालुक्याच्या मिलवर आपली तूर वेगळी भरडायची आणि काट्याजवळ गटातली एक बाई उभी राहायची असं ठरलं. पहिल्या चार खेपांचे आकडे त्यांनी मला पाठवले: ७०, ६९, ७१, ७०. खाली लिहिलं होतं, "भाऊ, आता रेषा कुठं आली ते सांगा."